भीतीला रकाना नाही

तुम्ही त्याला विचारलंच नाही, साहेब. चौदा प्रश्न विचारलेत. बापाचं नाव विचारलंत, विमानाचा नंबर विचारलात, खोलीचं भाडं किती तेही विचारलंत. ज्या एका प्रश्नावर माणसाचा जीव लोंबकळत होता तो तेवढा विचारला नाही. आणि खाली सही घेतलीत ती एका कपडे विकणाऱ्या बाईची.

ती बाई म्हणजे सुविधा परब. राहणारी गोव्यातल्या इब्रामपूरची, दुकान हरमलला, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सुती झगे, उपरणी, सैल विजारी. पंधरा सीझन दुकानात काढून ती रशियन शिकली, म्हणजे दुकानापुरती. आकडे पाठ, रंग पाठ, मापं पाठ. गिऱ्हाईक कापड चोळून बघायला लागलं की ती हसून म्हणायची, "नि बोयतेस!" घाबरू नका, रंग जायचा नाही. समोरची बाई खूश व्हायची आणि दोन झगे जास्त घ्यायची. आजूबाजूचे दुकानदार सुविधाला "रशियन बाय" म्हणून चिडवायचे. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

डिसेंबरातल्या एका सकाळी गोकुळदासाचा फोन आला. गोकुळदास म्हणजे तिच्या नवऱ्याचा, अनंताचा, चुलत भाऊ. परदेशी लोकांची कागदपत्रं बघणाऱ्या ऑफिसात हवालदार.

"वयनी, एक रशियन गावलाय. व्हिसा संपान दीड वर्स जालां. दुभाशी नाय. अर्ध्या तासाचां काम, येशीत मां?"

"दुकान कोण उघडतलो? तू?"

"उघडतंय. झगो घालून बसतंय दारात, गिऱ्हायकां वाढतली."

ती गेली. सीझनचे दिवस होते, पण घरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शिवाय साहेबांच्या ऑफिसात आपल्याला बोलावतात, यात मान होताच.

खुर्चीवर बसलेला माणूस तिला रशियन वाटलाच नाही. बारीक डोळे, रुंद गाल. रस्त्यात दिसला असता तर तिने त्याला नेपाळी समजून हिंदीत विचारलं असतं. नाव बाइर. सायबेरियाकडचा, बुर्यात जमातीचा. मांद्र्याला एका गॅरेजात वेल्डिंग करायचा. भाड्याच्या खोल्यांची तपासणी झाली तेव्हा सापडला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

साहेब विचारायचे, ती विचारायची, तो सांगायचा, गोकुळदास टाईप करायचा. नाव, गाव, आला कधी, काम काय करतो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग अकरावा प्रश्न आला: स्वदेशी परत जाण्यास तयार आहे का?

तिने आपल्या दुकानी भाषेत विचारलं. घरी जाणार?

आणि बाइर बोलायला लागला.

वीस मिनिटं बोलला. आधी साहेबांकडे बघून, मग तिच्याकडे, मग टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे. आवाज चढला नाही, रडला नाही. एकदा मांडीखालचा हात काढून त्याने जमिनीकडे दाखवलं, खोल, आणखी खोल. अकरा हा आकडा तिने तीनदा ऐकला. आकडा ऐकला की तिचे कान आपोआप उभे राहायचे. "बायूस" हा शब्द तर तिने किती वेळा ऐकला ते तिचं तिलाच माहीत. घाबरतो. मी घाबरतो. तोच शब्द, जो ती रोज हसत उलटा करून विकत होती.

बाकीचं तिला कळलं नाही. आणि कळत नाही हे सांगायला तोंड उघडलं नाही. रशियन बाय ना ती!

साहेबांनी घड्याळ बघितलं. "काय म्हणतो? जायला तयार आहे की नाही?"

"नाही म्हणतो, साहेब."

गोकुळदासाने लिहिलं: नाही. वीस मिनिटांचं दोन अक्षरांत झालं. पुढचा प्रश्न. शेवटी कागद तिच्यासमोर सरकवला. 'वरील जबाब सदर इसमास त्याच्या भाषेत समजावून सांगितला, भाषांतर खरे व बरोबर आहे.' तिने सही केली. गोकुळदासाने चहा पाजला. साडेअकराला दुकान उघडलं.

झालं म्हणायचं ना? झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ती झग्यांच्या घड्या घालत होती. अकरा झगे झाले आणि हात थांबला. अकरा काय? महिने? माणसं? जेवताना अनंताने विचारलं, "भात वाढू गे?" आणि तिला दिसला जमिनीकडे दाखवणारा हात. आंघोळीला पाणी काढताना विहिरीत वाकून बघितलं आणि तीच खोली. आवाज तर जातच नव्हता. न कळलेले शब्द जास्त दिवस राहतात, कारण ते कुठे ठेवायचे ते ठाऊक नसतं. तो माणूस कोठडीत होता आणि त्याचं बोलणं तिच्या घरात राहायला आलं होतं. पोळी लाटताना, स्कूटर चालवताना, देवाला फूल वाहताना. इब्रामपूरवरून मोप्याच्या विमानतळाची विमानं जातात. एरवी तिचं लक्षही नसायचं. आता प्रत्येक विमानाला ती मान वर करायची.

आठवड्याने एक म्हातारी रशियन बाई दुकानात आली, दर वर्षी येणारी, योग शिकणारी. सुविधाने तिला तीन शब्द विचारले, जसे कानात राहिले होते तसे. "पदवाल" म्हणजे काय? "प्रिकाज"? "उब्यूत"?

म्हातारीच्या हातातलं उपरणं खाली पडलं. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं: तळघर. हुकूम. मारून टाकतील. मग दाराकडे बघत हळूच विचारलं, "हे तुला कोण बोललं?"

"टीव्हीवर ऐकलं," सुविधा म्हणाली.

म्हातारी काही न घेता गेली. त्या सीझनात परत आली नाही.

* * *

मंगळवारी संध्याकाळी एक वकील बाई दुकानात शिरली. काळा कोट पिशवीत कोंबलेला, चपला धुळीने भरलेल्या. अॅडव्होकेट गौरवी गावस, साखळीची. सरकारी कायदा-मदतीच्या यादीतली वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले तिच्याकडे. परदेशी लोकांना डांबून ठेवतात त्या केंद्रात महिन्याची फेरी होती, तिथे बाइर भेटला. तिने दिल्लीच्या एका शिकलेल्या दुभाष्याला फोनवर घेतलं आणि तीन तास त्याचं ऐकलं.

"तुम्हीच सुविधा परब ना? ही सही तुमची?"

सुविधाने कागद बघितला. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "अकरा काय होतं, गो बाय?"

गौरवीने पिशवी खाली ठेवली. मग स्टुलावर बसली.

"दिवस. अकरा दिवस खड्ड्यात होता. तुम्हाला माहीत आहे?"

"आकडो आयकलो. बाकी नाय."

मग गौरवीने सांगितलं. युद्ध सुरू झाल्यावर त्याला कारखान्यातून उचलून सैन्यात घातलं. एका गावात एका घराच्या तळघरात माणसं लपली होती, म्हाताऱ्या, पोरं. हुकूम आला की आत हातगोळा टाक. त्याने टाकला नाही. त्याच्या दोस्तानेही टाकला नाही. दोस्ताला तिथेच गोळी घातली. याला झोडपलं आणि खड्ड्यात टाकलं, अकरा दिवस, वर जाळी. मग परत पुढे पाठवला, जखमी झाला, इस्पितळातून रजेवर सुटला आणि पळाला. कझाकस्तान, तिथून गोवा, पर्यटक म्हणून.

"हे सगळां तो तेव्हा बोललो?" सुविधाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"तो म्हणतो, बोललो. ऑफिस म्हणतं, बोलला नाही. हायकोर्टात मी अर्ज घातलाय, त्याला परत पाठवू नका म्हणून. त्याला सरकारचं उत्तर बघा." तिने कागद काढला. "'सदर इसमाने कोणतीही भीती व्यक्त केलेली नाही. तो गॅरेजात काम करत होता, म्हणजे पोटासाठी आलेला आहे, निर्वासित नाही.' पुरावा कसला? तुमची सही."

सुविधाने कागदावरची आपली सही बघितली. मग तिने विचारलं ते कोणीही विचारलं असतं. "पण गो, लढाईतून पळालेलो म्हणजे निर्वासित? सगळेच पळतत. आमच्याकडेही पळालो तर कोर्ट आसा, शिक्षा आसा."

"बरोबर आहे. नुसता सैन्यातून पळाला म्हणून कोणी निर्वासित होत नाही. व्याख्या कडक आहे. देशाबाहेर असला पाहिजे, छळाची भीती खरी आणि साधार पाहिजे, आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या गटातलं असणं किंवा राजकीय मत, यातल्या कशामुळे तरी पाहिजे. पण ज्या लढाईत नि:शस्त्र माणसं मारायचा हुकूम देतात, तो हुकूम मोडला म्हणून जी शिक्षा होते, तिला छळच म्हणतात. आणि हुकूम मोडणाऱ्याला तिकडे गद्दार समजतात. त्याच्या डोक्यात राजकारण असो नसो, त्यांनी ते त्याच्या डोक्यात घातलेलं असतं."

"आणि ह्येनी स्वतः कोणाक मारलां असात तर?"

गौरवीने तिच्याकडे बघितलं. कोर्टातल्या कित्येकांना हा प्रश्न सुचला नव्हता.

"तोही विचारावा लागेल. ज्याने युद्धात गुन्हे केले त्याला निर्वासित म्हणत नाहीत. विचारा, तपासा, लिहा! मी कुठे नको म्हणते? पण एक लक्षात घ्या. निर्वासित ठरो न ठरो, जिथे माणसाचा छळ होणार, जीव जाणार, तिथे त्याला ढकलायचं नाही, हे वेगळं तत्त्व आहे. त्याच्यासमोर गुन्हेगारही माणूसच. आणि दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं ऑफिस आहे, ते तपासतं. तिथे अर्ज पाठवलाय. कार्ड मिळाल्यावर माणूस निर्वासित होत नाही, बाय. तो असतो म्हणून कार्ड मिळतं. तपास होईपर्यंत तरी हात लावू नये."

"आपल्या सरकाराचो कायदो काय म्हणता?"

"निर्वासितांचा कायदाच नाही आपल्याकडे. तो जगाचा करार आपण केलेला नाही. परदेशी माणूस म्हणजे परदेशी माणूस, मग तो फिरायला आलेला असो की जीव घेऊन पळालेला. सुप्रीम कोर्टही म्हणालंय की इथे राहायचा हक्क नागरिकाचाच. पण जगण्याचा हक्क घटनेत 'व्यक्ती'ला दिलाय, नागरिकाला नाही. काही हायकोर्टांनी त्यावरून परत पाठवणं थांबवलंय. आणि गृहखात्याचं स्वतःचं परिपत्रक आहे: कोणी स्वतःला निर्वासित म्हणाला तर चौकशी करा. म्हणाला तर! आता म्हणाला की नाही हे सांगणारं माणूस एकच. तुम्ही."

"म्हणजे मी लिवन देऊचां, की मी खोटी सही केली."

"हो," गौरवी म्हणाली. गोड करून सांगायची तिला सवय नव्हती. "शुक्रवारी सुनावणी आहे. आज सरकारी वकील कोर्टाबाहेर मला म्हणाला, घाई नाही, शुक्रवारपर्यंत कोण कुठे नेतो त्याला."

"लिवन दिलान?"

"नाही. तोंडी."

* * *

बुधवारी गोकुळदास घरी आला. त्याला कसं कळलं, देव जाणे. अंगणात खुर्ची ओढून बसला. अनंत टेम्पो धूत होता, तोही हात पुसत आला.

"वयनी, कोर्टात जातंस म्हणे. मोठी जालीस मगे."

"तुझ्यापेक्षा वर्सान मोठीच आसय."

"मस्करी नको. सही तुझी आसा. खोटां भाषांतर केलंय म्हणून सांगशीत तर तुझ्यावरच येतला. दुकानाचो परवानो दर वर्सा नवो करुचो लागता, विसरलंस?"

"तू धमकी देतस की साहेब देता?"

"मी सांगतंय, वयनी. घरचो म्हणून." त्याने मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसं असती तर सोपं झालं असतं. "माझीय नोकरी आसा. टाईप मी केलां."

"मगे तूय आयकलंस मां? वीस मिंटां बोललो. तुझे हात थांबलेले, मी बघलां."

गोकुळदासाने खुर्ची मागे सरकवली.

अनंत मध्येच म्हणाला, "त्या परक्या माणसासाठी तू आपलां दुकान घालवतलंस? तो आपलो कोण?"

सुविधाने दोघांकडे बघितलं. "कोण नाय. म्हणूनच. आपलो असतो तर त्याचां बोलणां मी पुरां आयकलां असतां. घरात बसलोसा तो, अनंता. तुका दिसणा नाय. भात वाढतंय तेव्हा तो माझ्या हाताकडे बघता. मी त्याका भायर कसो काढू, सांग."

अनंत परत टेम्पोकडे गेला. धुतलेला टेम्पो पुन्हा धुवायला लागला.

गुरुवारी तिने साखळीला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. गौरवीने लिहिलं, तिने ओळ न् ओळ वाचून घेतली. मला रशियन फक्त विक्रीपुरतं येतं. तो सुमारे वीस मिनिटं बोलला. 'मला भीती वाटते' या अर्थाचा शब्द तो अनेकदा बोलला आणि तो मला कळला होता. मी तो सांगितला नाही. मला कोणी विचारला नाही. बाकीचं मला कळलं नाही आणि तेही मी सांगितलं नाही. सही केली ती चूक होती. दुपारीच त्याची प्रत सरकारी वकिलाकडे पोचती झाली. कायद्याने तशी द्यावी लागते.

ती प्रत वाचून त्या संध्याकाळी कोणाचा फोन कोणाला गेला, ते साहेब जाणोत.

* * *

शुक्रवारी पर्वरीला हायकोर्टात सुविधा मागच्या बाकावर बसली होती. पुढ्यात गौरवी. पलीकडे सरकारी वकील, त्याच्या मागे साहेब.

सरकारी वकील म्हणाला तेच, जे नेहमी म्हणतात. करारावर सही नाही. व्हिसा संपला. परदेशी माणसाला हाकलायचा अधिकार सरकारचा, नव्या कायद्यातही तोच. आणि जबाबात भीतीचा उल्लेख नाही.

न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र वाचलं, मग जबाब. मग पुन्हा प्रतिज्ञापत्र.

"अकरावा प्रश्न, परत जाण्यास तयार आहे का. उत्तर, नाही. पुढे 'का' हा प्रश्न कुठे आहे?"

"नमुन्यात तसा रकाना नाही, महाराज."

"नमुन्यात नाही म्हणून माणसाच्या मनात नाही?"

 गौरवी उभी राहिली आणि पाच मिनिटांत बोलली, सुविधाला दुकानात सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. तो निर्वासित आहे असं मी आज म्हणत नाही. तो आहे की नाही हे ठरवायच्या आधी त्याला पाठवू नका, एवढंच मागते. चूक झाली तर त्याला परत आणता येणार नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी हुकूम झाला. जाणत्या दुभाष्यासह त्याची पुन्हा चौकशी करा. दिल्लीच्या ऑफिसला त्याला भेटू द्या. पुढच्या तारखेपर्यंत त्याला देशाबाहेर नेऊ नये.

सुविधाने डोळे मिटले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात कोणी बोलत नव्हतं.

गौरवी बाहेर आली ती फोन कानाला लावून. केंद्रातल्या शिपायाला हुकूम कळवत होती. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "किती वाजता?... कोणी?... सामानासकट?"

तिने फोन खाली केला. "सकाळी साडेसहाला गाडी आली. त्याला पिशवी भरायला सांगितली. पासपोर्ट हातात दिला आणि नेला." मग स्वतःशीच म्हणाली, "तोंडी शब्दावर राहिले. मी, वकील असून."

ती धावत परत आत गेली. सरकारी वकिलाने, मला सूचना घ्याव्या लागतील, असं म्हटलं. न्यायमूर्तींनी संध्याकाळी चारपर्यंत लेखी उत्तर मागितलं. दीड वाजला, अडीच वाजले. मोप्याहून सकाळी रशियाला थेट विमान होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात तो होता की नव्हता, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. विमान कंपनीवाले म्हणाले, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाले, ऑफिसला विचारा. गोकुळदासाने फोन उचलला, फक्त श्वास ऐकू आला आणि फोन ठेवला.

चार वाजता लेखी उत्तर आलं नाही. मुदत मागितली गेली. सोमवार.

साहेब जिन्याने उतरत होते. सुविधा खालच्या पायरीवर उभी होती, बाजूला झाली नाही.

"बाजूला व्हा, बाई. कोर्टात प्रकरण आहे, मला बोलता येणार नाही."

"माझ्याशी बोला, साहेब. मी दुभाशी तुमची. तुमच्याच ऑफिसातली सही माझी आसा. सोमवारपर्यंत तुम्ही घरी जाशात, जेवशात. तो खंय जेवता? गाडीत होतो? विमानात होतो? उतरल्यावर त्याचो हात कोणी धरलो? बाकी कायदो कोर्ट बघतला. माका एकच सांगा, आता, माझ्या तोंडार."

साहेबांनी चष्मा पुसला.

ती हलली नाही.

"बाइर आत्ता, ह्या घडीक, खंय आसा?"